छातीत धडधड, रिपोर्ट सगळे नॉर्मल : मग दाखवायचं कोणाला? मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट की समुपदेशक

ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल, साखर नॉर्मल. तरी मध्येच छाती धडधडते, हातापायाला घाम फुटतो, घशात आवंढा अडकतो आणि वाटतं, आता आपलं काही खरं नाही. दवाखान्यात सांगतात, “काही नाही हो, टेन्शन घेऊ नका.” पण टेन्शन कोणी मुद्दाम घेत नाही. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर तो चिंतारोग असू शकतो. डॉक्टर त्यालाच अँग्झायटी म्हणतात. त्यावर उपचार आहेत आणि बहुतेक पेशंटना त्यांचा चांगला गुण येतो.

अडचण पुढेच सुरू होते. दाखवायचं कोणाला? एका पाटीवर मनोविकारतज्ज्ञ, दुसऱ्या पाटीवर मानसोपचारतज्ज्ञ, तिसरीवर सायकॉलॉजिस्ट, चौथीवर समुपदेशन केंद्र. गावात या सगळ्यांना एकच नाव, ‘डोक्याचा डॉक्टर’. खरं तर हे तीन वेगळे लोक आहेत. तिघांचं शिक्षण वेगळं, काम वेगळं. चुकीच्या दारात गेलं की महिने जातात, पैसे जातात आणि माणूस म्हणतो, “आमच्या दुखण्याला इलाजच नाही.”

आधी शरीराची तपासणी

पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा साखर-बीपी असेल, तर ‘हे टेन्शनच असेल’ असा अंदाज घरी बांधू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. हृदय ठीक आहे हे आधी कळलं पाहिजे.

थायरॉइड वाढलं तरी धडधड, घाम, हाताला कंप आणि झोपमोड होते. रक्त कमी असेल तरी छाती धडधडते. म्हणून ईसीजीसोबत हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड या तपासण्या एकदा झालेल्या बऱ्या. त्या नॉर्मल आल्या तर मात्र तोच ईसीजी पुन्हा पुन्हा काढण्यात अर्थ नाही. एक ईसीजी गावाजवळ, दुसरा तालुक्याला, तिसरा जिल्ह्याला असं करणारे बरेच असतात. रिपोर्ट चांगला आला की दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका येते. ही शंका हाही त्याच आजाराचा भाग आहे.

तिघांचं काम काय?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजेच सायकियाट्रिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ, हा पूर्ण डॉक्टर असतो. आधी एम.बी.बी.एस. आणि नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. तिघांपैकी गोळी लिहून देण्याचा अधिकार फक्त याला आहे. आजाराचं निदान करणं, शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं वेगळं ओळखणं, गोळी सुरू करणं आणि हळूहळू बंद करणं ही त्याची कामं. सरकारी ओपीडीत गर्दी असते. त्यामुळे पहिल्या भेटीत तो सविस्तर विचारतो, पण पुढच्या भेटी थोड्या वेळात आटोपतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, हा एम.बी.बी.एस. डॉक्टर नसतो. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. केल्यावर त्यातल्या बहुतेकांनी दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं आणि त्यात रुग्णालयात पेशंट पाहण्याचं प्रशिक्षण असतं. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. या परिषदेला आरसीआय म्हणतात आणि नोंदणी क्रमांकाला सीआरआर नंबर. हा तज्ज्ञ गोळी देत नाही. त्याचा उपचार बोलण्यातून आणि सरावातून होतो. चिंतारोगासाठी सर्वात जास्त पारखलेली पद्धत सीबीटी नावाची आहे. एक बैठक साधारण पाऊण ते एक तासाची, अशा ८ ते १५ बैठका लागतात आणि दर वेळी घरी करायचा अभ्यास मिळतो.

समुपदेशक म्हणजे कौन्सेलर. त्याचं काम अडचण ऐकून घेणं, गुंता सोडवायला मदत करणं, श्वासाचे साधे व्यायाम शिकवणं आणि गरज असेल तर पुढे पाठवणं. कर्ज, घरातलं भांडण, परीक्षेची भीती, जवळचं माणूस गेल्याचं दुःख यात चांगल्या समुपदेशकाचा मोठा आधार होतो. पण तो आजाराचं निदान करत नाही आणि गोळ्यांबद्दल सल्ला देत नाही. शिवाय इथे सावध राहायला हवं. कोणी मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून हे काम करतो, तर कोणी चार दिवसांचा कोर्स करूनही ‘समुपदेशक’ अशी पाटी लावतो. म्हणून शिक्षण काय आणि अनुभव किती हे सरळ विचारायचं. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

एक उदाहरण पाहू

हे उदाहरण कोणा एका माणसाचं नाही, पण असे पेशंट ओपीडीत नेहमी येतात. समजा, ३१ वर्षांचा एक तरुण आहे. दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितो, घरी तीन एकर शेती. तालुका १८ किलोमीटरवर. एकदा एसटीत उभा असताना त्याची छाती जोरात धडधडली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या. गाडी थांबवून तो खाली उतरला. वीस मिनिटांत सगळं शांत झालं. दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल.

पॅनिक अटॅक असाच असतो. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात उतरतो. त्याने जीव जात नाही. पण हा माणूस त्या दिवसापासून एसटीत बसेना. आधी एसटी सुटली, मग आठवडी बाजार, मग लग्नकार्य. मोटारसायकलवरही मागे कोणीतरी लागायचं. झटके महिन्यातून दोन-तीनच, पण ‘पुन्हा आलं तर?’ ही भीती रोजची.

जवळच्या दवाखान्यात त्याला अल्प्राझोलमची गोळी पाच दिवसांसाठी मिळाली. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटायचं. पाच दिवस संपल्यावर त्याने तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणली. बघता बघता चार महिने झाले. रोजची एक गोळी दोनवर गेली. एक दिवस गोळी संपली, तर रात्रभर झोप नाही आणि हात थरथरायला लागले. त्याला वाटलं, आजार वाढला. खरं म्हणजे शरीराला गोळीची सवय लागली होती.

या तरुणाने आधी कुठे जायचं?

आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे. कारण पहिली अडचण ती गोळी आहे. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या लवकर काम करतात, पण काही आठवड्यांतच त्यांची सवय लागू शकते. त्या एकदम बंद केल्या तर झोप उडते, थरथर होते, काहींना फिटही येते. म्हणून डॉक्टर मात्रा थोडी थोडी कमी करत काही आठवड्यांत ही गोळी सोडवतो. हे काम सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक करू शकत नाही. घरीही करू नये.

त्यासोबत डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी कमी मात्रेत सुरू करतो. या गोळीबद्दल तीन गोष्टी पेशंटला माहीत नसतात आणि तिथेच उपचार सुटतो.

पहिली गोष्ट, ती लगेच काम करत नाही. फरक कळायला दोन ते सहा आठवडे लागतात. दुसरी, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, जुलाब, डोकेदुखी किंवा थोडी जास्त अस्वस्थता होऊ शकते. बहुतेकांची ती आपोआप कमी होते. नेमक्या याच काळात “गोळी सोसली नाही” म्हणून लोक ती बंद करतात. तसं न करता डॉक्टरला फोन करावा. मात्रा कमी करता येते, गोळी जेवणानंतर घेता येते किंवा बदलता येते. पण अस्वस्थता फार वाढली किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं. तिसरी गोष्ट, बरं वाटलं म्हणून लगेच थांबायचं नाही. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालते आणि मग डॉक्टर ती हळूहळू उतरवतो. अल्प्राझोलमसारखी या गोळीची चटक लागत नाही, पण अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते.

गोळीने झटके कमी झाले, पण एसटी?

समजा, दीड महिन्यात त्याचे झटके थांबले. तरी तो एसटीत बसत नाही, कारण भीतीची सवय मनाला लागली आहे. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम सुरू होतं.

पहिल्या बैठकीत तो कागदावर एक चक्र काढून दाखवतो. छाती धडधडली, मनात आलं ‘हार्ट अटॅक’, त्या विचाराने भीती वाढली, भीतीने धडधड अजून वाढली आणि मनात आलेलं खरं वाटू लागलं. पेशंट एसटीतून उतरतो, बरं वाटतं आणि मन शिकतं की ‘उतरलो म्हणून वाचलो’. खरं तर गाडीत बसून राहिला असता तरी झटका उतरलाच असता. पण ते बघायची संधीच त्याने मनाला दिली नाही.

पुढच्या बैठकीत सायकॉलॉजिस्ट त्याला खोलीतच एक मिनिट जागच्या जागी पळायला लावतो. छाती धडधडते, दम लागतो, म्हणजे झटक्यासारखंच शरीरात होतं. मग ते आपोआप उतरतं. हे पाच-सहा वेळा अनुभवलं की धडधडीची भीती कमी होते. ज्याला दमा, हृदयाचा आजार किंवा फिट येण्याचा त्रास आहे, तिने किंवा त्याने हे सांगायलाच हवं. अशांना हा सराव डॉक्टरला विचारल्याशिवाय देत नाहीत.

मग दोघं मिळून एक शिडी बनवतात. सर्वात सोपी पायरी खाली, सर्वात अवघड वर. या तरुणाची शिडी अशी असू शकते : स्टँडवर पंधरा मिनिटं बसणं, उभ्या एसटीत चढून बसणं, भावासोबत एक थांबा जाणं, एकट्याने एक थांबा, एकट्याने तालुक्यापर्यंत आणि शेवटी गर्दीच्या गाडीत उभ्याने तालुका. प्रत्येक पायरीला शंभरपैकी भीती किती ते लिहायचं. एक पायरी दोन-चार वेळा करून भीती बरीच खाली आली की वरची पायरी.

यात एक बारीक गोष्ट आहे. खिशात गोळीची स्ट्रिप, हातात पाण्याची बाटली, दाराजवळचीच सीट, बायकोशी चालू फोन, अशा आधाराच्या वस्तू घेऊन प्रवास केला तर मन म्हणतं, ‘बाटली होती म्हणून निभावलं’. म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर हे आधारही सोडायचे असतात. शिडी पूर्ण होऊनही गुण येत नाही तेव्हा बऱ्याचदा असा एखादा आधार लपून राहिलेला असतो.

मग समुपदेशक कधी?

याच तरुणाच्या घरी सोसायटीचं कर्ज थकलंय आणि त्यावरून रोज वाद होतो, असं धरा. गोळी आणि शिडी दोन्ही चालू असताना हा ताण तसाच राहिला तर झोप बिघडतच राहील. समुपदेशक नवरा-बायकोला समोरासमोर बसवतो, देणं किती आणि कोणाचं याची यादी करायला लावतो, आधी कोणाशी बोलायचं हे ठरवायला मदत करतो. हे काम डॉक्टरच्या छोट्या भेटीत होत नाही.

आणि काही वेळा पहिलं दारच समुपदेशकाचं असतं. काळजीचं कारण ठळक आहे, त्रास काही दिवसांचा किंवा दोन-तीन आठवड्यांचा आहे, जेवण-झोप-काम बऱ्यापैकी चाललंय, तर आधी समुपदेशक पुरे. बारावीच्या परीक्षेआधी घाबरलेली मुलगी याच गटात येते. पण चार-पाच भेटींनंतरही फरक नसेल, किंवा मुलीने जेवण सोडलं, शाळा सोडली, तर पुढच्या दाराशी न्यायला उशीर करू नका.

थोडक्यात निवड अशी करा

• रोजची झोप, जेवण किंवा काम बंद पडलंय, आधीपासून झोपेची गोळी चालू आहे, दारूशिवाय शांत वाटत नाही, बाई गरोदर किंवा बाळंतीण आहे, किंवा जीव नकोसा झालाय : आधी मानसोपचारतज्ज्ञ.

• काम चालू आहे, पण प्रवास, गर्दी, आजाराची शंका, चारचौघांत बोलणं अशा ठराविक गोष्टींची भीती आहे आणि त्या टाळल्या जातायत : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

• कारण समोर आहे, त्रास नवा आणि आवाक्यातला आहे : समुपदेशक.

दोन प्रकारांत मोडत असाल तर वरचा धरा. आपल्याकडे बहुतेक तालुक्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसतोच. तेव्हा जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन, “मला सीबीटीची गरज आहे का, इथे कोण करतं?” असं स्पष्ट विचारा. दर आठवड्याला जिल्ह्याला जाणं जमणार नसेल तर पंधरा दिवसांनी एक बैठक आणि मध्ये व्हिडिओ कॉल असंही चालतं. तेही शक्य नसेल तर गोळीवर उपचार सुरू करणं चुकीचं नाही. चिंतारोगात गोळी आणि सीबीटी दोन्ही उपयोगी ठरलेले आहेत, त्रास जास्त असेल तर दोन्ही मिळून देतात.

सरकारी सोय कुठे?

जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसिक आरोग्याची ओपीडी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक आणि परिचारिका अशी पदं असतात. प्रत्येक ठिकाणी सगळी पदं भरलेली नसतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. हे पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांनाही भेट देतं. आपल्याकडचा वार कोणता, हे आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासणी मोफत आहे.

घरातूनच बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक फोन घेतो आणि गरज वाटली तर पुढच्या तज्ज्ञाला जोडून देतो. पहिलं दार कोणतं हे ठरत नसेल तर सुरुवात इथून करा.

‘नाव लागेल’, ‘वेड्याच्या दवाखान्यात टाकतील’ ही भीती बऱ्याच घरांत असते. चिंतारोगाचा उपचार ओपीडीतच होतो, भरती व्हावं लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे.

कुठे गडबड आहे, हे कसं ओळखाल?

डॉक्टर दर महिन्याला फक्त झोपेचीच गोळी वाढवून देतोय आणि ती कधी थांबणार हे सांगत नाही, तर तसं विचारा, उत्तर मिळालं नाही तर दुसरा डॉक्टर बघा. सायकॉलॉजिस्टकडे पाच-सहा बैठका झाल्या तरी शिडी नाही, घरचा अभ्यास नाही, नुसत्या गप्पाच, तर उपचार पुढे सरकत नाहीये. समुपदेशक म्हणाला, “डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, मी महिन्यात बरं करतो,” किंवा पावडर-औषध विकायला लागला, तर तिथून उठा. गोळी बंद करायला सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

पहिल्या भेटीला जाताना सगळे जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि एक चिठ्ठी न्या. चिठ्ठीत झटका कधी आला, किती वेळ राहिला, त्या वेळी कुठे होतात आणि त्यानंतर काय करायचं सोडलंत, एवढंच लिहा. शेवटचा मुद्दा पेशंट सांगायला विसरतात, आणि उपचार ठरवायला तोच सर्वात जास्त कामी येतो.

आणि घरात कोणी ‘जगून काय करू’ असं बोलत असेल तर वरची यादी बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, १४४१६ ला फोन लावा आणि त्याच दिवशी सिव्हिल गाठा.